गेम किंवा ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये अनोळखी यूपीआय आयडीवर पैसे भरताय? खातं फ्रीझ कसं होतं, पोलिसांचा फोन का येतो आणि मग नेमकं काय करायचं

माझ्या मामेभावाला हे सगळं कळलं ते मेडिकलच्या काउंटरवर. मामींच्या गोळ्या, बिल १८० रुपये, यूपीआय फेल. परत मारलं, परत फेल. बॅलन्स बघितला तर ४१,००० दिसतोय. बाहेर येऊन एटीएमला गेला, तिथेही नाही. त्याला वाटलं सर्व्हर डाऊन असेल. दुसऱ्या दिवशी बँकेत गेला तर काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवून दाखवली, खात्यावर डेबिट फ्रीझ, कारण सायबर तक्रार, आणि तक्रार कुठली तर दुसऱ्याच एका राज्यातली, जिथे हा आयुष्यात कधी गेलेला नाही.

तक्रारीत याच्या नावापुढे रक्कम होती ६,२००. हे पैसे त्याने तीन आठवड्यांपूर्वी एका गेमिंग अ‍ॅपमधून विथड्रॉ केले होते. मला फोन करून म्हणाला, "दादा, मी कुणाला फसवलं नाही रे, मी तर फक्त जिंकलेले पैसे काढले." आणि तो खरंच बोलत होता. तरी खातं बंद. हे कसं झालं ते समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप समजतात, म्हणून आधी तेच सांगतो.

आधी समजून घ्या, पैसे जातात कुठे

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, त्यात बँकांना आणि पेमेंट कंपन्यांना पण अशा गेमचे व्यवहार करायला मनाई आहे. त्यामुळे या साइटना कंपनीच्या नावाने सरळमार्गी पेमेंट घेता येत नाही. बाहेर देशात बसून चालवणाऱ्यांना तर आधीपासूनच येत नव्हतं. मग ते काय करतात, भाड्याने खाती घेतात. कुणीतरी दहा-पंधरा हजारांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकतो, कुणाच्या नावावर एखादं 'ट्रेडर्स' किंवा 'एंटरप्रायझेस' उघडून करंट अकाउंट काढलेलं असतं. पोलिसांच्या भाषेत याला म्यूल अकाउंट म्हणतात. खोट्या शेअर ट्रेडिंग अ‍ॅपवाले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयपीओ देतो म्हणणारे, घरबसल्या टास्क देणारे, सगळे हीच खाती वापरतात आणि बऱ्याचदा एकच खातं दोन-तीन धंद्यांना चालतं.

इथेच घोळ आहे. ज्या खात्यात तुमचे गेमचे ५०० रुपये गेले, त्याच खात्यात त्याच दिवशी कुणा रिटायर्ड माणसाला फसवून काढलेले ९५,००० पण आलेले असू शकतात. आणि त्या खात्यातूनच संध्याकाळी दुसऱ्या खेळाडूंचे विथड्रॉवल दिले जातात.

मामेभावाच्या बाबतीत नंतर जे कळलं ते असं. एका माणसाला वीजबिलाच्या खोट्या कॉलने गंडवून ९५,००० घेतले. ते गेले एका खात्यात, तिथून तासाभरात तीन खात्यांत फुटले, त्यातल्या एका खात्यातून बऱ्याच लोकांना छोट्या छोट्या रकमा गेल्या, कुणाला ३,०००, कुणाला ११,०००, आणि आमच्या भावाला ६,२००. त्या माणसाने १९३० ला फोन केला. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे, cybercrime.gov.in पोर्टल पण तिचंच, केंद्रीय गृह मंत्रालयाखाली चालतं. तक्रार पडली की पैसे पहिल्या खात्यातून कुठे गेले, तिथून पुढे कुठे गेले हे बँका एकेक पायरीने त्या सिस्टिममध्ये भरत जातात. पहिलं खातं लेयर वन, त्याच्यापुढचं लेयर टू, मग लेयर थ्री. भाऊ लेयर थ्रीला होता.

म्हणजे लक्षात घ्या, फ्रीझ पैशांच्या मागे मागे पुढच्या दिशेने जातं. तुम्ही पैसे भरता तेव्हा खातं सहसा लगेच अडकत नाही, तिथून पैसे परत येतात तेव्हा अडकतं. म्हणून लोक म्हणतात 'अरे मी तर सहा महिने खेळतोय, पैसे पण वेळेवर येतात, काही होत नाही'. जितक्या वेळा पैसे आले तितक्या वेळा कुठल्या तरी अनोळखी खात्याचा पैसा तुमच्या खात्यात आला, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्याने तक्रार केली तो दरवेळी फसवला गेलेलाच असतो असंही नाही, कधी कधी गेममध्ये हरलेला माणूसच जाऊन फ्रॉड झाला म्हणून तक्रार टाकतो, आणि त्याचे पैसे ज्यांना विथड्रॉवल म्हणून गेले ती सगळी खाती अडकतात.

नुसतं डिपॉझिट करणारे पण पूर्ण सुटत नाहीत. म्यूल खातं पकडलं की तपास अधिकारी त्याचं स्टेटमेंट काढतो, त्यात पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाचं नाव असतं. मग फोन येतो किंवा नोटीस येते की तुम्ही या माणसाला पैसे का पाठवले. बहुतेक वेळा साक्षीदार म्हणून, पण विचारणा ही विचारणाच.

पायरी १: पिन टाकायच्या आधी नाव वाचा

यूपीआय अ‍ॅप पेमेंटच्या आधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. लोक ते वाचतच नाहीत, रक्कम बघतात आणि पिन मारतात. अ‍ॅपचं नाव एक आणि समोर 'अमुक किराणा स्टोअर्स' किंवा कुणा माणसाचं साधं नाव-आडनाव आलं की तिथेच थांबा. तुम्ही कंपनीला पैसे देत नाही आहात.

बाकीच्या खुणा पण ठरलेल्या असतात. दर वेळी डिपॉझिट पेज उघडलं की नवा आयडी किंवा नवा क्यूआर, वर दहा मिनिटांचा टायमर, 'या आयडीवर परत पैसे पाठवू नका' अशी सूचना, पैसे पाठवल्यावर त्या व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर हाताने टाकायला लावणं, स्क्रीनशॉट टेलिग्रामवरच्या माणसाला पाठवायला सांगणं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे 'रिमार्कमध्ये गेमचं किंवा ट्रेडिंगचं नाव लिहू नका'. खरी कंपनी असं का सांगेल? आयडी सारखा बदलतो कारण जुनी खाती रोज कुठेतरी फ्रीझ होत असतात.

शेअर ट्रेडिंगच्या नावाने पैसे मागत असतील तर तपासणं सोपं आहे. सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी वेगळे यूपीआय आयडी आणलेत, त्यात @valid आणि पुढे बँकेचं नाव असतं, ब्रोकर असेल तर त्याच्या आधी .brk येतं, म्युच्युअल फंड असेल तर .mf. सेबी चेक नावाच्या सुविधेत तो आयडी किंवा खाते क्रमांक टाकून खरा आहे का ते बघता येतं. कुणा माणसाच्या पर्सनल आयडीवर शेअरसाठी पैसे मागितले तर पुढे काही तपासायची पण गरज नाही, तो फ्रॉडच. क्रिप्टो विकून अनोळखी माणसाकडून यूपीआयने पैसे घेणाऱ्यांनी पण हे वाचा, तिथेही खातं याच पद्धतीने अडकतं.

पायरी २: पैसे आत अडकलेत, काढू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं सरळ मत, रक्कम छोटी असेल तर सोडून द्या. ३,००० काढायला जाल आणि पगाराचं खातं दोन महिने बंद पडेल. बायकोच्या किंवा मित्राच्या खात्यावर विथड्रॉ करा असं काही जण सुचवतात, ते तर अजिबात करू नका, तुमच्या चुकीसाठी तिचं खातं अडकेल आणि तपासात तुम्ही दुसऱ्याच्या खात्यातून पैसे फिरवताय असं दिसेल.

अ‍ॅपवाल्यांनीच तुम्हाला फसवलं असेल, म्हणजे नफा दाखवला आणि काढताना 'आधी टॅक्स भरा' म्हणाले, तर आणखी एक रुपया भरू नका आणि लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढे फुटत जातात. तक्रारीत खरं तेच सांगा, तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत तर तसंच सांगा.

पायरी ३: खातं अडकलंच तर आधी बँकेत

घाबरून कस्टमर केअरला दहा फोन करण्यापेक्षा सरळ आपल्या शाखेत जा. तीन प्रकार असतात, ते आधी विचारा. लीन म्हणजे फक्त वादातली रक्कम अडवलेली, बाकी खातं चालू. डेबिट फ्रीझ म्हणजे पैसे येतील पण जाणार नाहीत. आणि पूर्ण फ्रीझ म्हणजे येणं-जाणं दोन्ही बंद. भावाचं डेबिट फ्रीझ होतं, म्हणजे १ तारखेला पगार आत येणार आणि आतच राहणार, ईएमआय बाउन्स होणार. त्याने त्याच दिवशी ऑफिसात एचआरला सांगून पगार दुसऱ्या बँकेतल्या त्याच्याच खात्यात वळवला आणि कर्जवाल्या बँकेला लेखी कळवलं. हे आधी करा, बाकीचं नंतर, कारण फ्रीझ दोन दिवसांत उठेल असं धरून चालू नका.

बँकेकडून माहिती तोंडी घेऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. भावाने दिलेला अर्ज साधारण असा होता:

"माझे वरील बचत खाते फ्रीझ झाल्याचे समजले. कृपया खालील माहिती लेखी द्यावी: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, तक्रार नोंदवलेले राज्य व पोलीस ठाणे, तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल व फोन, वादातील रक्कम, संबंधित व्यवहाराचा यूटीआर व तारीख, आणि खाते कोणत्या आदेशाने व कोणत्या प्रकारे अडवले आहे. वादातील रक्कम वगळता उर्वरित खाते सुरू ठेवता येईल का तेही कळवावे."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलंय की पोलिसांच्या मागणीत जी रक्कम दिलीय तेवढ्यापुरतंच फ्रीझ मर्यादित ठेवावं. इथल्या बँकेवर तो निकाल थेट बंधनकारक आहे असं नाही, पण अर्जात उल्लेख करायला काही हरकत नाही. एक गोष्ट मात्र समजून घ्या, पोलिसांच्या सांगण्यावरून अडवलेलं खातं शाखेतला मॅनेजर स्वतःच्या मनाने उघडू शकत नाही, त्याच्यावर ओरडून फायदा नाही. बँक माहितीच देत नसेल, महिनाभर उत्तर नसेल, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

पायरी ४: स्टेटमेंटमधली ती एक एंट्री शोधा

यूटीआर मिळाला की स्टेटमेंट काढून ती एंट्री शोधा. भावाची एंट्री रात्री ११ वाजून ४० मिनिटांची, पाठवणाऱ्याच्या जागी एका मोबाइल शॉपचं नाव. त्याने कधी बघितलंच नव्हतं, मेसेज आला ६,२०० जमा, झालं. त्याच्या शेजारी अ‍ॅपमधली विथड्रॉवल हिस्टरी ठेवली, तीच रक्कम, चार मिनिटं आधीची वेळ. हा जोड म्हणजे तुमचा मुख्य पुरावा, की पैसे मी मागवले ते अ‍ॅपमधून, त्या दुकानदाराला मी ओळखत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी अ‍ॅपचे सगळे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, प्रोफाइल, डिपॉझिट आणि विथड्रॉवल हिस्टरी, चॅट, साइटचा पत्ता. अ‍ॅप डिलीट करू नका. घाबरून लोक आधी तेच करतात, चॅट पुसतात, आणि मग दाखवायला काहीच उरत नाही, वर पुरावा नष्ट केला असं वाटतं ते वेगळंच.

पायरी ५: पोलिसांशी बोलताना

आधी फोन खरा आहे का ते बघा. बँकेने लेखी दिलेल्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे फोन करा, आलेल्या नंबरवर विश्वास ठेवू नका. ईमेल .gov.in किंवा .nic.in वरून यायला हवा. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणं, 'डिजिटल अरेस्ट' वगैरे कायद्यात काहीही नाही. आणि 'इतके पाठवा, एनओसी देतो' म्हणून कुणी पर्सनल यूपीआयवर पैसे मागितले तर देऊ नका. फ्रीझ उठवून देणारे एजंट टेलिग्रामवर ढिगाने आहेत, त्यांच्या नादाला लागून आमच्या ओळखीतल्या एकाचे आणखी १५,००० गेले.

खरी नोटीस लेखी असते आणि त्यावर कलम लिहिलेलं असतं. जुलै २०२४ पासून सीआरपीसी जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, त्यामुळे नंबर बदललेत. कलम ९४ असेल तर कागदपत्रं मागितलीत, स्टेटमेंट आणि स्क्रीनशॉट द्यायचे. कलम १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. कलम ३५(३) असेल तर गंभीरपणे घ्या, ती संशयिताला हजर राहायची नोटीस असते, हजर राहिलात आणि सहकार्य केलंत तर सहसा अटक होत नाही, पण दुर्लक्ष केलंत तर होऊ शकते. ही नोटीस आली की वकील घेऊनच पुढे जा.

भावाने ईमेलवर काय पाठवलं तर एक पानाचं स्पष्टीकरण, आधार-पॅन, सहा महिन्यांचं स्टेटमेंट त्या एंट्रीवर खूण करून, अ‍ॅपचे स्क्रीनशॉट आणि पगाराची स्लिप, म्हणजे खात्यातले बाकीचे पैसे कुठले ते पण दिसलं. पाठवायच्या आधी मसुदा वकिलाला दाखवला. हे तुम्ही पण करा, कारण मी पैसे लावून खेळत होतो हे लेखी देताय, आणि तेलंगणा, आंध्रसारख्या राज्यांत खेळणाऱ्यावरही कारवाई करता येते. पण खोटं लिहू नका. 'मित्राने उसने दिलेले परत केले' असं लोक लिहितात आणि अधिकाऱ्याने त्या मोबाइल शॉपवाल्याचं नाव विचारलं की फसतात, मग तुम्ही साक्षीदाराचे संशयित होता.

तिकडून उत्तर यायला वेळ लागतो. भाऊ दर आठवड्याला त्याच ईमेलला पोचपावती क्रमांक टाकून रिप्लाय करायचा आणि दोन दिवसांनी ठाण्यात फोन लावायचा. पंधरा दिवस कुणी उचलला नाही. मग एक हवालदार बोलले, म्हणाले की आलेली रक्कम आमच्या तक्रारदाराची आहे, ती लीनमध्ये ठेवायला तयार असाल तर बाकीचं खातं खुलं करायला साहेबांकडे फाइल ठेवतो. भाऊ हो म्हणाला आणि तसं लेखी पाठवलं. रक्कम लीनमध्ये राहू द्यायला हरकत नाही, पण कुणाच्या खात्यात ती स्वतः ट्रान्सफर करू नका. तक्रारदाराला पैसे ठरलेल्या अधिकृत प्रक्रियेनेच जातात.

पायरी ६: काहीच हललं नाही तर कोर्ट

खातं पोलीस अडवतात ते संहितेच्या कलम १०६ खाली, पूर्वीचं १०२. त्यात अट आहे की जप्तीची माहिती मॅजिस्ट्रेटला तातडीने कळवायची. कळवली होती का, हा तुमच्या वकिलाने विचारायचा पहिला प्रश्न. खातं मोकळं करायचा अर्ज कलम ५०३ खाली त्या मॅजिस्ट्रेटकडे करतात, आणि अडचण अशी की तो सहसा तक्रार जिथली तिथल्या कोर्टात करावा लागतो, म्हणजे परराज्यात वकील बघा. ६,२०० साठी हे परवडत नाही, पण आत ४ लाख अडकले असतील तर परवडतं. फक्त वादातली रक्कम अडवून बाकी खातं सुरू करा, एवढीच मागणी आधी ठेवा, ती मान्य होण्याची शक्यता जास्त असते. उच्च न्यायालयात रिट पण करता येते, खर्च आणि वेळ दोन्ही जास्त.

भावाचं खातं ४७ व्या दिवशी उघडलं, ६,२०० चं लीन अजून आहे. उघडल्यावर त्याने बँकेकडून फ्रीझ उठवल्याचं पत्र घेतलं आणि दुसऱ्या कुठल्या तक्रारीत हे खातं आहे का तेही लेखी विचारलं, कारण त्या अ‍ॅपमधून त्याने एकूण पाच वेळा पैसे काढले होते, म्हणजे पाच अनोळखी खाती. उरलेल्या चारचे यूटीआर, तारखा आणि स्क्रीनशॉट त्याने प्रिंट काढून एका फाइलमध्ये लावून ठेवलेत, आणि ती फाइल आता मामींच्या कपाटात आहे.